कळलावीच्या फोटोवरून वनस्पतीचित्र: सातवा पुंकेसर कुठून आला?

रानजाई (धागाकर्ती), १४ मे

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात रानफुलांची चित्रं लावायची आहेत. नुसती सुंदर चित्रं नकोत. बारीक रेघेत काढलेली, भागांची नावं लिहिलेली, रंग भडक नसलेली, जुन्या वनस्पतीग्रंथांत असतात तशी हवी आहेत. सुरुवात कळलावीपासून करते आहे. फोटो गेल्या श्रावणातले आहेत, मोबाइलवर काढलेले. आमच्या कुंपणावर वेल होता, पण आत्ता वैशाखात जमिनीवर काहीच नाही, त्यामुळे जे काही आहे ते या चार फोटोंतच आहे.

त्यातला सगळ्यात स्पष्ट फोटो ट्रेस केला आणि तीन ठिकाणी अडले.

एक, मला सात पुंकेसर दिसतात. सहांना टोकाला परागकोष आहेत, सातव्याला नाही. तो तुटला असेल का? चित्रात तुटलेला काढावा की पूर्ण?

दोन, समोरचा परागकोष मागच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट मोठा आलाय. ट्रेस केलंय तसंच ठेवू का?

तीन, लाल रंग. फोटोत तो इतका पेटलेला दिसतो की पाकळीवरच्या शिरा हरवल्यात. मऊ, निवलेला रंग कसा आणायचा?

---

भ्रमर, १४ मे

कळलावी! आमची आजी या कंदाला हात लावू देत नसे. बाळंतपणाच्या कळा लवकर याव्यात म्हणून वापरायचे, त्यावरून नाव पडलं असं सांगायची. कंद कसा वापरतात त्याचीही माहिती चित्राखाली द्या, लोकांना उपयोग होईल.

---

टाकदौत, १४ मे

भ्रमर, वापराची माहिती कृपया देऊ नका. त्या कंदात कोल्चिसीन असतं आणि ते जीवघेणं विष आहे. वाचनालयात मुलं येणार. चित्राखाली काही लिहायचंच तर 'सर्व भाग विषारी' एवढंच लिहावं.

रानजाई, तुमच्या प्रश्नांना सवडीने उत्तर देतो. मी बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि हर्बेरियमसाठी रेखाटनं केली. आधी सातव्या पुंकेसराबद्दल, कारण तो पुंकेसर नाहीच.

फोटो मोठा करून त्या सातव्या दांडीचं टोक बघा. तीन बारीक फाटे दिसतात का? दिसले तर ती मादी भागाची दांडी आहे. कळलावीत ही दांडी अंडाशयाच्या टोकापासून सरळ खाली जात नाही. जिथे सुरू होते तिथेच जवळजवळ काटकोनात वळते आणि पुंकेसरांसारखी आडवी बाहेर येते. म्हणून समोरून बघणाऱ्याला ती पुंकेसरांच्या रांगेत बसल्यासारखी वाटते. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी हे सात पुंकेसर कितीतरी वेळा पाहिलेत.

या फुलाचं चित्र काढायचं तर तो काटकोन दिसलाच पाहिजे. ओळखीची तीच खूण आहे.

---

रानजाई, १५ मे

काका, टोकाला तीन फाटे आहेत! मी त्यांना तुटलेल्या तंतूचं कुसळ समजत होते. पण माझ्या फोटोत काटकोन दिसत नाही. दांडी सरळ माझ्याकडेच येतेय, आखूड खुंटीसारखी.

---

टाकदौत, १५ मे

म्हणजे कॅमेरा नेमका त्या दांडीच्या रेषेत होता. बाकीच्या तीन फोटोंत एखादा बाजूने काढलेला आहे का? फूल खाली मान घालून असतं आणि पाकळ्या उलट वर वळतात, त्यामुळे हिरवा अंडाशय खाली उघडा लोंबतो. बाजूच्या फोटोत तो आणि वळण दोन्ही मिळायला हवं. अंग नीट दिसत असेल तर मुख्य चित्र बाजूच्या फोटोवरूनच काढा. समोरचा फोटो कितीही देखणा असला तरी या फुलाची रचना तो लपवतो.

---

कोकणकडा, १५ मे

छान चर्चा. एक भर घालतो. नावं लिहिताना निदलं गळून पडलेली आहेत असा उल्लेख करा. सहा पाकळ्या दिसतात, पण खाली हिरवी निदलं नाहीत, म्हणजे फूल उमलल्यावर ती गळतात. अफूच्या फुलात तसंच होतं.

---

टाकदौत, १५ मे

अफूच्या कुळाबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे ती उमलतानाच गळतात. इथे मात्र मुळात निदलं वेगळी नाहीतच. पुरावा कळीत मिळतो. कळलावीची कळी पाहिलीत तर हिरवट दिसते ती तिच्याच सहा दलांमुळे, वरून दुसरं कुठलंही आवरण नसतं. तीच सहा दलं पुढे पिवळी आणि लाल होतात. तीन बाहेरच्या वर्तुळातली, तीन आतल्या, पण दिसायला सारखी. म्हणून शास्त्रीय नावात 'पाकळी' न लिहिता 'परिदल' लिहितात. वाचनालयाच्या चित्रात पाकळी लिहिलं तरी मी भांडणार नाही, फक्त निदलं गळली असं लिहू नका.

---

कोकणकडा, १५ मे

कळीचं लक्षात आलं नव्हतं. मान्य.

---

पिक्सेलपंत, १६ मे

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, तो माझ्या कामातला आहे.

ताई, फोटो साधारण किती अंतरावरून काढला? मोबाइल फुलाच्या अगदी जवळ नेला असणार. समजा जवळचा परागकोष भिंगापासून १२ सेंमीवर होता आणि लांबचा २० सेंमीवर. मग लांबचा जवळच्याच्या १२/२०, म्हणजे फक्त ६० टक्के दिसणार. खरे दोघं सारख्याच लांबीचे असले तरी फोटोत एक २२ मिमी आणि दुसरा १३ मिमी असा फरक येतो. तेच फूल १ मीटर अंतरावरून झूम करून काढलं असतं तर १०० आणि १०८ सेंमी, म्हणजे लांबचा ९३ टक्के. डोळ्याला तो फरक कळतही नाही.

यात झूमने काही जादू होत नाही. लांब उभं राहिल्याने मापं सुधारतात, झूम फक्त फूल चौकटीत मोठं आणतो.

---

रानजाई, १६ मे

बरोबर, मोबाइल जवळजवळ टेकवलाच होता. म्हणजे ट्रेस केलेलं सगळं टाकून द्यायचं?

---

टाकदौत, १६ मे

टाकू नका. ट्रेसमधून वळणं घ्या, मापं घेऊ नका. पुंकेसर कुठल्या दिशेला झुकलाय, परिदलाची लाट कुठे सुरू होते हे ट्रेस खरं सांगतो. लांबी मात्र दुसरीकडून ठरवावी लागेल. सहाही परागकोष एकाच मापाचे करा आणि समोर किंवा मागे वळल्यामुळे जे आखडतात तेवढेच आखूड दाखवा. परागकोष मधोमध तंतूवर टेकलेला असतो, इंग्रजी टी अक्षरासारखा, आणि वाऱ्यावर झुलतो. म्हणून प्रत्येकाचा कल वेगळा असला तरी चालेल, लांबी वेगळी नको. तशी काढलीत तर जाणकार माणूस समजेल की या जातीत दोन प्रकारचे पुंकेसर असतात.

फोटोत मोजपट्टी नाही हे गृहीत धरतो. माहीत असलेली दुसरी कुठली वस्तू आहे का?

---

रानजाई, १७ मे

बाजूच्या फोटोत माझा अंगठा आहे! देठ धरलाय. नख आत्ता मोजलं, रुंदी १४ मिमी. फोटोत नख ७० पिक्सेल येतं आणि शेजारचं परिदल ३३० पिक्सेल. म्हणजे ३३० भागिले ७० गुणिले १४, ६६ मिमी.

---

टाकदौत, १७ मे

फार उत्तम. ६.६ सेंमी ही कळलावीला शोभणारी लांबी आहे, ही परिदलं साधारण ५ ते ८ सेंमी असतात. नख आणि परिदल कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असतील तरच हे गणित खरं, तेवढं तपासा. परिदल वाकलेलं असेल तर दोरा ठेवून वळणावरून मोजा, टोकापासून टोकापर्यंत सरळ नको. आणि फोटोंत तुम्ही देठ धरलाच आहे म्हणून सांगतो, यापुढे हाताळल्यावर हात धुवा.

---

खिडकीतली बाग, १८ मे

मला जरा वेगळी मदत हवी होती. मी जास्वंदीचा फोटो मलमलीवर उतरवून भरतकाम करतेय. मधल्या नळीवर पुंकेसर नेमके किती काढायचे? मोजायला गेले की गोंधळ होतो.

---

टाकदौत, १८ मे

जास्वंदीत पुंकेसरांची संख्या ठरलेली नसते, पुष्कळ असतात. फ्रेंच गाठी मनासारख्या घाला. टोकाला मात्र पाच गोल ठिपके नक्की हवेत, आणि ते नळीच्या आतून वर आलेले दिसायला हवेत. बाजारातलं दुपाकळी जास्वंद असेल तर तिथे बरेचसे पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात, ते फूल नमुन्याला घेऊ नका.

---

रंगपेटी, १८ मे

रंगावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. रंग निववायचा तर प्रत्येक मिश्रणात थेंबभर काळा घाला. सगळं चित्र एका सुरात येतं. मी कॅलेंडरची चित्रं तशीच करते.

---

टाकदौत, १९ मे

इतर ठिकाणी चालत असेल, कळलावीत घात होईल. पिवळ्यात काळा घातला की तो शेवाळी हिरवा होतो, आणि या फुलाची तर कडच पिवळी असते. हिरवट पिवळा हा इथे फुलाच्या वयाचा रंग आहे. नुकतं उमललेलं फूल हिरवट असतं, मग बुडाशी पिवळं आणि वर लाल होतं, शेवटी जवळजवळ सगळं लाल. काळ्यामुळे आलेला हिरवा बघणाऱ्याला कोवळं फूल वाटेल.

पिवळा निववायला अगदी किंचित जांभळा घाला. लालसाठी किरमिजीकडे झुकणारा पारदर्शक लाल घ्या आणि त्यात ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच हिरवा. विरुद्ध रंग मिसळला की भडकपणा जातो पण रंगाची जात टिकते. त्याच कागदाच्या पट्टीवर आधी लावून पूर्ण वाळू द्या, मगच ठरवा, कारण जलरंग वाळल्यावर फिका होतो. थर पातळ ठेवा. तीन पातळ थर जे करतात ते एका जाड थराला जमत नाही, खालची शाईची रेघ बुडते.

---

रंगपेटी, १९ मे

कॅलेंडरला कागदच पिवळट असतो, म्हणून माझ्या लक्षात आलं नसावं. आत्ता पिवळ्यात काळा घालून बघितला. खरंच हिरवा होतो.

---

पिक्सेलपंत, १९ मे

ताईंना शिरा दिसत नाहीत त्याचं कारण बहुधा असं: भडक लाल फुलात कॅमेऱ्याची लाल वाहिनी काठोकाठ भरते. २५५ च्या वर जागाच नाही, त्यामुळे सगळीकडे एकच सपाट लाल. पण हिरव्या वाहिनीत अजून जागा असते, शिरा तिथे सापडतात. ती वेगळी काढून उजळ करा:

```
magick kallavi.jpg -channel G -separate +channel -auto-level kallavi-g.png
```

काळी-पांढरी प्रतिमा मिळेल. गिंपमध्ये करायचं तर Colors > Components > Extract Component मध्ये RGB Green निवडा.

---

रानजाई, २० मे

केलं. अक्षरशः दुसरा फोटो मिळाल्यासारखं झालं! शिरा लांबीच्या दिशेने जाताना स्पष्ट दिसतात, मधली जाड. पण छाया फार गडद आलीय. तीच छाया चित्रात घेऊ?

---

पिक्सेलपंत, २० मे

छाया घेऊ नका. लाल भाग हिरव्या वाहिनीत मुळातच काळा दिसणार, तो उजेडाचा परिणाम नाही. शिरांपुरताच वापरा.

---

रानजाई, २९ मे

पेन्सिलीचं पूर्ण झालं, आता शाई. ३०० जीएसएमचा गुळगुळीत हॉट प्रेस कागद आणलाय, ०.०५, ०.१ आणि ०.३ ची पेनं आहेत. परिदलाच्या लाटदार कडेवर अडकलेय. फोटोबरहुकूम काढली तरी ती कुरतडलेल्या फितीसारखी सपाट दिसते.

---

टाकदौत, ३० मे

ही अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते. तुम्ही कडेची बाहेरची आकृती एका सलग रेघेत काढताय. खरं तर लाट वळते तिथे कड स्वतःच्याच मागे जाते. म्हणून एकेक लाट घ्या आणि स्वतःला विचारा, इथे परिदलाची आतली बाजू दिसते की पाठ? जी घडी पुढे आहे तिची रेघ अखंड काढा. मागून येणारी रेघ तिला टेकायच्या आधी केसभर थांबवा. त्या केसभर फटीमुळे पुढचं पुढे आणि मागचं मागे दिसतं.

मग मधली शीर काढा, आणि बाकीच्या शिरा तिच्या सोबतीने, लाटेवरून चढत-उतरत न्या. छायेच्या रेघा शिरांच्या दिशेनेच हव्यात. आडव्या रेघा मारल्या तर शिरा आडव्या आहेत असं वाचलं जाईल. बाह्यरेषा सगळीकडे ०.१ ठेवा. ०.३ फक्त घडीच्या खाली, जिथे सावली सगळ्यात दाट आहे तिथे थोडी. शिरांना ०.०५, आणि उजेडाच्या बाजूला त्या मध्येच तुटल्या तरी चालतील. उजेड वरून डावीकडून धरा, तशी रीत आहे.

आणि शाई काळी नको. या फिक्या रंगांवर काळी रेघ जाळीसारखी दिसते. सेपिया घ्या, पण पाण्याने न पसरणारी आहे ना ते कोपऱ्यावर ब्रश फिरवून बघा.

---

रानजाई, ४ जून

फटीची युक्ती लागू पडली, लाट उठली! आता नावं. शाळेच्या पुस्तकात कुक्षी, कुक्षीवृंत, अंडाशय आहे. मराठी विश्वकोशात त्याच भागांना किंजल्क, किंजल, किंजपुट असं म्हटलंय. कुठली लिहू?

---

प्राजक्त, ४ जून

शाळेची. चित्र बघणार मुलं. किंजल आणि किंजल्क यांत एका जोडाक्षराचा फरक, एक दांडी आणि एक टोक. मोठ्यांचाही घोळ होईल.

---

टाकदौत, ५ जून

मला किंजल्क प्रिय आहे, कारण मराठीतलं वनस्पतीशास्त्राचं चांगलं लेखन त्या शब्दांत आहे. मुलाने पुढे विश्वकोश उघडला तर त्याला शब्द ओळखीचा वाटावा. दोन्ही लिहा असं सुचवतो. याला जुना आधारही आहे. 'होर्तुस मलबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या चित्रांवर झाडाचं नाव रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा निरनिराळ्या लिप्यांत कोरलेलं असतं. रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांनी नागरीत लिहून दिलेलं प्रशस्तिपत्रही त्यात छापलंय. कळलावी त्यात 'मेंदोनी' म्हणून आहे.

---

प्राजक्त, ५ जून

काका, तिथे झाडाचं एक नाव चार लिप्यांत आहे. इथे एका चित्रात पाच-सहा भाग आणि प्रत्येकाला दोन शब्द. भिंतीवर लांबून वाचायचंय. मला अजूनही एकच हवं असं वाटतं.

---

टाकदौत, ५ जून

तुमचा मुद्दा नाकारता येत नाही. धागाकर्तीने ठरवावं.

नावाच्या रेषांबद्दल मात्र एक नक्की करा. या फुलात बारीक दांड्या चहूकडे पसरलेल्या असतात. नावाची रेषाही तशीच तिरकी नेली तर आणखी एक पुंकेसर निघाल्यासारखा दिसेल. सगळ्या रेषा पट्टीने, आडव्या, करड्या पेन्सिलीच्या रंगात. त्या एकमेकींना छेदू नयेत, टोकाला बाण नको, आणि रेषा भागाच्या आत जाऊन थांबावी, कडेवर नाही. कडेवर थांबली की तंतू दाखवलाय की मागचं परिदल ते कळत नाही.

---

कोकणकडा, ६ जून

एक शंका. बाजूच्या फोटोत पान नाही ना? पानाचं टोक तणाव्यासारखं गुंडाळतं ते दाखवायचं तर दुसऱ्या वेलाच्या फोटोवरून घेणार का? मला ते पटत नाही. चित्र एकाच झाडाचं असावं.

---

टाकदौत, ६ जून

जुन्या चित्रकारांनी अनेक नमुने एकत्र करून एक चित्र काढलेलं आहे, त्यात फसवणूक नाही. जातीचं चित्र असतं, एका रोपाचं नव्हे. पण कुठल्या नमुन्यावरून काय घेतलं ते मागे लिहून ठेवावं.

---

कोकणकडा, ६ जून

मागे लिहिलेलं भिंतीवर कोण वाचणार? मी एकाच झाडावर ठाम आहे.

---

रानजाई, ११ ऑगस्ट

वेल उगवला आणि काल पहिलं फूल उमललं. एक मीटरवरून, बाजूने, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढले. परिदल ६८ मिमी निघालं. नखावरून ६६ आलं होतं. काटकोन डोळ्यांनी बघितला. दांडी अंडाशयापासून जिथे वळते तिथे एवढी स्पष्ट कोपऱ्यासारखी वळण घेते की गेल्या वर्षी मी ती कशी पाहिली नाही कळत नाही.

रंगाचं चुकलं होतं. मी वरचा लाल किरमिजी केला होता, प्रत्यक्षात पहिल्या दिवशी तो शेंदरीकडे आहे. काकांनी सांगितलेल्या वयाचा हा फरक असावा, म्हणून रोज सकाळी त्याच खिडकीच्या उजेडात पट्टीवर रंग लावून शेजारी तारीख लिहितेय.

---

टाकदौत, ११ ऑगस्ट

पट्टीला आकडे द्या आणि फुलाच्या पेन्सिल रेखाटनावर तेच आकडे टाका. फर्डिनांड बाउअरने १८०१ नंतर ऑस्ट्रेलियाच्या सफरीत असंच केलं होतं. जागेवर रंगवायला वेळ नसे, तेव्हा रेखाटनावर छटांचे आकडे लिहून ठेवी आणि रंगकाम पुढे सावकाश करी. फूल कोमेजल्यावरही तुमचा रंग तुमच्याकडे राहील.

---

रानजाई, १९ ऑगस्ट

आठ दिवसांत पट्टीवर पाच वेगळे लाल जमले. मुख्य चित्रात तिसऱ्या दिवसाचं फूल घेतलं, पिवळी कड आणि लाल दोन्ही असलेलं. पान त्याच वेलाचं आहे, तेव्हा कोकणकडा यांची हरकत इथे तरी उरली नाही. नावं तूर्त पेन्सिलीने, शाळेची मोठी आणि विश्वकोशातली खाली लहान. वाचनालयात महिनाभर तशीच लावून मुलं कुठला शब्द वाचतात ते बघणार आहे, मग शाई.

उजव्या खालच्या कोपऱ्यात फळासाठी जागा सोडलीय. ते तडकून लाल बिया दिसायला अजून वेळ आहे. उभा छेद काढू की उघडलेलं फळच काढू?